नवी पेठेतली तेवीस मिनिटं: एक थांबा आणि त्याच्या तीन स्थिती

प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे. त्यातली माणसं आणि वेळा कुणा एकाच्या नाहीत. पण त्यातली प्रत्येक हालचाल सोलापुरात नवी पेठेत लग्नसराईच्या कुठल्याही शनिवारी संध्याकाळी दिसते. एकच गाडी, एकाच जागी, एकूण २३ मिनिटं उभी राहिली. एवढ्या वेळात चाक इंचभरही हललं नाही, तरी नियमांच्या नजरेत तिची स्थिती दोनदा बदलली. चालकाला त्यातला एकही बदल कळला नाही आणि चलनावरचा सगळा वाद त्यातूनच उभा राहिला.

घडलं ते असं

नवरा-बायको शहराबाहेरून खरेदीला आलेले. आहेराच्या चादरी आणि टॉवेलचा गठ्ठा दुकानदाराने आधीच बांधून ठेवला होता, तेवढा उचलायचा होता. दुकानासमोर रस्त्याच्या डाव्या कडेला दुचाकींची रांग. त्या रांगेला लागून, म्हणजे कडेला नव्हे तर रांगेच्या बाहेरच्या अंगाला, त्यांनी आपली हॅचबॅक उभी केली. दहा-बारा पावलांवर विजेच्या खांबाला पाटी होती: निळा गोल, लाल किनार आणि एकच तिरपी लाल पट्टी. खाली दोन्ही बाजूंना बाण.

५ वाजून ४० मिनिटांनी गाडी थांबली. बाई उतरल्या, पिशवी घेतली, दार लावलं. जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल. त्यानंतर चालक इंजिन चालू ठेवून, चारही ब्लिंकर लावून आत बसून राहिला. ५ वाजून ५२ मिनिटांनी फोन आला: "अहो, गठ्ठा जड आहे, मला एकटीला उचलत नाही. या की जरा." त्याने इंजिन बंद केलं, गाडी लॉक केली आणि तो दुकानात गेला. ५ वाजून ५८ मिनिटांनी वाहतूक शाखेच्या हवालदाराने मशिनवर फोटो काढला. ६ वाजून ३ मिनिटांनी दोघं गठ्ठा घेऊन बाहेर आले.

"साहेब, पाचच मिनिटं झाली असतील. आत्ताच आत गेलो होतो."

"काका, मी येऊनच पाच मिनिटं झाली. आणि त्याआधी काय? मागं बस अडकलीय, बघा की."

चालकाच्या हिशेबात तो ५२ पासून ३ पर्यंत, म्हणजे ११ मिनिटं 'पार्क' होता. आधीची १२ मिनिटं तर तो गाडीतच होता. हा हिशेब बहुतेक लोक असाच मांडतात. तो कुठे चुकतो ते पाहण्यासाठी तिन्ही तुकडे वेगळे करावे लागतात.

पहिलं अर्धं मिनिट

बाई उतरल्या तेवढा वेळ गाडी थांबली होती. थांबणं म्हणजे माणूस चढवायला किंवा उतरवायला, किंवा हातातला माल ठेवायला-काढायला लागतो तेवढाच वेळ गाडी उभी करणं, आणि ते झालं की लगेच निघणं. एका तिरप्या पट्टीची पाटी म्हणजे नो-पार्किंग. ती पार्किंग रोखते, हा क्षणभराचा थांबा रोखत नाही. त्यामुळे केवळ पाटीपुरतं बोलायचं तर त्या अर्ध्या मिनिटात चालकाकडून काही चुकलं नव्हतं.

पण पाटी एवढाच नियम नसतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम १२२ सांगतं की सार्वजनिक जागी धोका, अडथळा किंवा इतरांची नाहक गैरसोय होईल अशा रीतीने गाडी उभी राहू देऊ नये. या कलमात पाटीचा उल्लेख नाही आणि मिनिटांचाही नाही. 'तीन मिनिटं चालतात', 'पाच मिनिटांपर्यंत काही होत नाही' असे आकडे लोकांच्या तोंडी असतात. कलम १२२ पुढे ते सगळे निकामी ठरतात, कारण तिथे प्रश्न किती वेळ हा नसून कुणाची वाट अडली हा असतो.

म्हणून इथे रस्त्याची रुंदी मोजून पाहावी. दुपदरी रस्ता साधारण ७ मीटरचा धरला जातो. आडव्या लावलेल्या दुचाकींच्या रांगेने त्यातले सुमारे २ मीटर आधीच घेतले. हॅचबॅकची रुंदी १.७ मीटरच्या आसपास, आणि दुचाकी ओरखडू नयेत म्हणून सोडलेलं अर्धं मीटर. उरले २.८ मीटर. बसची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते, आरसे वेगळे. म्हणजे बस त्या फटीतून जायची तर दोन्ही अंगांना मिळून वीतभर जागा, आणि समोरून कुणीच येता कामा नये. दोन्ही दिशांची वाहतूक आता एकाच पट्ट्यातून आळीपाळीने जाणार. शनिवारी संध्याकाळी आळीपाळी कोण पाळतं?

हीच गाडी दुचाकी नसलेल्या मोकळ्या कडेला चिकटून उभी असती, तर ७ मीटरमधले ५ मीटर उरले असते आणि ते अर्धं मिनिट कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. उभ्या गाड्यांना लागून दुसरी रांग करणं, ज्याला लोक डबल पार्किंग म्हणतात, ते पाटी असो वा नसो, नियमांत स्पष्टपणे मना आहे. चालकाची पहिली चूक त्यामुळे ५२ व्या मिनिटाची नव्हती. जागा निवडतानाच ती झाली होती.

मधली बारा मिनिटं

सगळ्यात जास्त गैरसमज याच तुकड्याबद्दल आहे. "मी गाडीतच होतो", "इंजिन चालू होतं", "म्हणाल तेव्हा काढली असती" ही तीन वाक्यं नो-पार्किंगच्या प्रत्येक वादात येतात. तिन्ही खरी असतात आणि तिन्हींचा उपयोग होत नाही.

पार्किंगची कसोटी चालक कुठे आहे ही नसून गाडी कशासाठी उभी आहे ही आहे. माणूस किंवा माल तत्काळ चढवणं-उतरवणं हे कारण संपलं आणि गाडी तरीही उभी राहिली, की ती वाट पाहत उभी आहे. बायको दुकानात आहे, ती कधी येईल ते माहीत नाही, तोवर चालक बसून आहे. हे उभं राहणं झालं, आणि नो-पार्किंगच्या पाटीखाली त्याला पार्किंगच धरलं जातं. स्टिअरिंगवर माणूस आहे म्हणून रस्त्याची अडलेली रुंदी काही परत मिळत नाही.

मग चालक आत बसलेला असण्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण तो दुसऱ्या ठिकाणी. कलम १२६ म्हणतं की सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस असावा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा, जेणेकरून गाडी आपोआप चालू लागणार नाही. म्हणजे चालू इंजिनच्या गाडीत शाळकरी मुलाला बसवून "कुणी आलं तर सांग" म्हणणाऱ्यांचा हे कलम आधी विचार करतं. पण ही अट सुरक्षिततेची आहे, जागेची परवानगी नव्हे. ती पाळली म्हणून नो-पार्किंग माफ होत नाही.

दुसरा फरक व्यवहारातला. चालक जागेवर असला की हवालदार बहुतेक वेळा आधी गाडी पुढे घ्यायला सांगतो आणि तेवढ्यावर विषय संपतो. त्यामुळेच लोकांचा असा ग्रह झालेला आहे की बसून राहिलं तर चालतं. तो हवालदाराचा मोकळेपणा आहे, आपला हक्क नाही. शिट्टी वाजल्यावर "दोनच मिनिटं, साहेब" म्हणत बसून राहणारा चालक तो मोकळेपणाही घालवून बसतो.

ब्लिंकरचंही तेच. चारही दिवे एकदम लुकलुकणं ही इतरांना दिलेली सूचना आहे की ही गाडी नाइलाजाने उभी आहे, बिघडली आहे किंवा पुढे धोका आहे. खरेदीसाठी उभ्या गाडीने ते लावले तर मागच्याला चुकीची सूचना जाते. शिवाय चारही चालू असले की ही गाडी उजवीकडे निघणार का हे कळायला मार्ग राहत नाही. निघताना चालक ते बंद करून उजवा इंडिकेटर द्यायला विसरतो आणि मागून येणारी दुचाकी दारात किंवा बंपरला येऊन थडकते.

या १२ मिनिटांत काय करायला हवं होतं ते सोपं आहे, फक्त कंटाळवाणं आहे. बाई उतरल्याबरोबर गाडी काढायची, पार्किंगला परवानगी असलेल्या जागी लावायची आणि फोनची वाट पाहायची. नवी पेठेत हे नको वाटतं, कारण जागा मिळाली तरी ती लांब असते आणि परत यायला गर्दीतून वाट काढावी लागते. पण गठ्ठा बांधून तयार होता. तो पायरीवर आणून ठेवला आहे असा फोन आल्यावर गाडी आणली असती, तर चढवायला एक मिनिट लागलं असतं, आणि ते एक मिनिट पुन्हा पहिल्या प्रकारात, म्हणजे तत्काळ माल चढवण्यात, बसलं असतं. त्याच जागेवर, त्याच पाटीखाली एक-एक मिनिटाचे दोन थांबे चालून जातात. सलग बारा मिनिटं बसणं चालत नाही. कडेला चिकटून, वाट न अडवता, ही अट अर्थात दोन्ही वेळा आहेच.

लॉक केल्यानंतर

५२ व्या मिनिटानंतर वादाला जागा उरत नाही. गाडी पार्क झाली, तीही नो-पार्किंगमध्ये, तीही दुसऱ्या रांगेत, आणि तिला हलवणारं जवळ कुणी नाही. इथून पुढे टोइंगचा प्रश्न येतो.

कलम १२७ नुसार पार्किंगला कायदेशीर मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी टोइंगने हलवता येते किंवा तिच्या चाकाला जॅमर लावता येतो. अट अशी की तसं करायला त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्याने सांगितलेलं असलं पाहिजे. टोइंगच्या गाडीवरची मुलं कंत्राटदाराची असतात. पोलिसाशिवाय ती आपल्या मनाने गाडी उचलू शकत नाहीत. आपली गाडी उचलली जात असेल तर हुज्जत घालण्याआधी एवढंच बघावं की सोबत गणवेशातला पोलिस आहे का, आणि असेल तर त्याच्याशी बोलावं. गाडी हलवण्याचा खर्च मालकाकडूनच वसूल होतो, दंड वेगळा. याच कलमात १० तासांचीही एक मर्यादा आहे, पण ती सोडून दिलेल्या किंवा बेवारस उभ्या गाड्यांसाठी. "दहा तास व्हायच्या आत उचलता येत नाही" असं कुणी सांगत असेल तर तो कलमाचा अर्धाच भाग सांगतो आहे.

गाडीत माणूस असताना ती उचलू नये, हे वेगळं सांगायची गरज पडू नये. पण २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईत मालाडला बाळाला घेऊन आत बसलेल्या बाईसकट गाडी ओढली गेली, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि संबंधित पोलिसाला निलंबित व्हावं लागलं. मागच्या सीटवर आजी झोपलेली असेल तर काच पूर्ण वर करून, काळ्या पडद्याआड तिला ठेवून जाऊ नये, हे मात्र आपल्याकडचं.

त्याच जागी फुलीची पाटी असती तर

आता पाटी बदलून पाहू. निळा गोल, लाल किनार तीच. पण आत एका पट्टीऐवजी दोन पट्ट्यांची लाल फुली. ही नो-स्टॉपिंग, म्हणजे थांबायलाही आणि उभं राहायलाही मनाई. या पाटीखाली पहिलं अर्धं मिनिटही चुकीचं ठरतं. बाईंना उतरवणं, पिशवी देणं, रिक्षातून प्रवासी घेणं, यातलं काहीच चालत नाही. पोलिसाला इथे पार्किंग झालं की नाही हे ठरवायचंच नसतं. गाडी आपल्या मर्जीने थांबली, एवढं पुरेसं होतं.

नाइलाजाचं थांबणं यात येत नाही. सिग्नल लाल आहे, पुढे वाहतूक तुंबली आहे, पोलिसाने हात केला आहे, गाडी बंद पडली आहे, तर गाडी थांबणारच. पण लाल सिग्नलचा फायदा घेऊन "उतर पटकन" म्हणणं हा त्या सवलतीचा गैरवापर आहे. तो धोक्याचाही आहे, कारण डाव्या फटीतून दुचाकी पुढे सरकत असतात आणि दार नेमकं त्यांच्या तोंडावर उघडतं. सात रस्त्यासारख्या, एकाहून अधिक दिशांनी वाहतूक येऊन मिळणाऱ्या चौकात तर सिग्नल सुटल्यावर एक गाडी चार सेकंद जास्त रेंगाळली तरी मागच्या दोन-तीन गाड्यांचा हिरवा दिवा हुकतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात या बाबतीत तीन पायऱ्यांच्या वेगवेगळ्या पाट्या असतात: पहिलीखाली माणसं आणि माल दोन्ही चढवता-उतरवता येतात, दुसरीखाली फक्त माणसं, तिसरीखाली काहीच नाही. आपल्याकडे मधली पायरी वेगळ्या पाटीवर नाही. उभं राहणं आणि थांबणं एकाच फुलीखाली येतं. इंटरनेटवर वाचलेली तिकडची तीन पायऱ्यांची माहिती इथे लावायला गेलं की घोटाळा होतो तो यामुळे. लक्षात ठेवायला आपलं सोपं आहे: एक पट्टी म्हणजे उतरवा आणि निघा, दोन पट्ट्या म्हणजे थांबूच नका.

पाटी कुठून कुठपर्यंत लागू आहे ते तिच्या खालच्या छोट्या पट्टीवरून कळतं. एका बाजूचा बाण म्हणजे मनाई तिथे सुरू होते किंवा संपते आणि ती बाणाच्या दिशेला आहे. दोन्ही बाजूंना बाण म्हणजे आपण मनाईच्या मधोमध आहोत. मनाई रस्त्याच्या ज्या कडेला पाटी आहे त्या कडेची असते. वेळ, वाहनाचा प्रकार किंवा सम-विषम तारीख लिहिलेली असेल तर ती वाचल्याशिवाय गाडी लावू नये. लग्नाच्या खरेदीला कालही इथेच लावली होती म्हणून आज चालेल असं होत नाही. काल तारीख सम असेल तर आज ती विषम असते.

पाटीच नसती तर

आपल्या प्रसंगातल्या चालकाने शेवटी हेही म्हणून पाहिलं: "पाटी इतकी वर लावलीय, दिसते तरी का?" पाटी फांदीआड गेली असेल, फ्लेक्सने झाकली असेल किंवा उडून गेली असेल, तर हा मुद्दा खरंच वजनाचा आहे. पण काही जागी पाटीची गरजच नसते. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, शाळेचं किंवा रुग्णालयाचं प्रवेशद्वार, कुणाच्याही आवाराचं फाटक, अग्निशमनाचा हायड्रंट, रस्त्याचं वळण, उभ्या गाडीच्या बाहेरची दुसरी रांग, वाहतुकीची पाटी झाकली जाईल अशी जागा: इथे पार्किंगची मनाई नियमांतच लिहिलेली आहे. चौकाच्या बाबतीत २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनी अंतरही दिलेलं आहे: चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत पार्किंग नाही. ५० मीटर म्हणजे साधारण ६५ ते ७० पावलं. पेठेतल्या गल्ल्यांची तोंडं एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की हा नियम अक्षरशः लावला तर बऱ्याच रस्त्यांवर एकही मोकळी जागा उरणार नाही. तो तसा लावला जात नाही ही वेगळी गोष्ट. पण चलन झालं की वाद या ५० मीटरवर हरायला होतो, हे माहीत असावं.

उलट बाजूला दुकानदारांच्या पाट्या. "नो पार्किंग, हवा सोडण्यात येईल" अशी रंगवलेली पाटी कुणी शटरसमोर टांगली म्हणून रस्त्याचा तो तुकडा नो-पार्किंग होत नाही. नो-पार्किंग जाहीर करणं हे वाहतूक पोलिसांचं काम आहे. त्यांच्या अधिसूचनेत मोटार वाहन अधिनियमाची कलमं ११५, ११६ आणि ११७ लिहिलेली असतात. हवा सोडणारा दुकानदार स्वतःच दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान केल्याच्या तक्रारीत सापडू शकतो. पण दुकानदाराची पाटी खोटी असली तरी तुम्ही ज्याच्यासमोर गाडी लावली ते खरंच त्याच्या गोदामाचं फाटक असेल, तर मनाई त्याच्या पाटीमुळे नाही, फाटकामुळे आहेच.

चलन आणि त्यावरची तक्रार

या गाडीवर नो-पार्किंगचं ई-चलन निघालं. महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केल्यास १५०० रुपये. चलन गाडीच्या नंबरवर निघतं. त्यामुळे गाडी भावाने नेली होती किंवा ड्रायव्हरने लावली होती, हा हिशेब घरात करायचा. वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल कलम २०१ वेगळं आहे. त्यात ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे आणि हटवण्याचा खर्चही वाहनधारकावर टाकला आहे. चलनावर कोणतं कलम लावलं आहे ते आधी वाचावं, कारण नो-पार्किंगच्या चलनाला "अडथळा कुठे होता?" हे उत्तर नाही आणि अडथळ्याच्या चलनाला "पाटी कुठे होती?" हे उत्तर नाही. बऱ्याच तक्रारी याच गल्लतीमुळे वाया जातात.

mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकले की चलन दिसतं. त्याबरोबरचा फोटो मोठा करून बघावा. नंबर आपलाच आहे ना, हे पहिलं. MH13 च्या पुढे एक अक्षर किंवा आकडा चुकीचा वाचला गेला तर दुसऱ्याच गाडीचं चलन आपल्या नावावर येतं; रंग आणि मॉडेल जुळतं का ते फोटोतच दिसतं. मग वेळ आणि ठिकाण. फोटोत गाडीसोबत पाटी दिसत असेल तर पोलिसाची बाजू भक्कम. दिसत नसेल तर आपण लगेच, शक्यतो त्याच दिवशी, तीच जागा दोन्ही दिशांनी अशी टिपावी की खांब, पाटी आणि आपली जागा एका चौकटीत येतील. आठवड्याने फोटो काढला तर फ्लेक्स निघालेला असतो आणि पाटी लखलखीत दिसते.

तक्रार करायची तर पैसे भरण्याआधी. दंड भरला की तडजोड झाली आणि प्रकरण मिटलं असं धरलं जातं. मग "आधी भरले, आता परत द्या" याला आधार उरत नाही. टिकणाऱ्या तक्रारी थोड्याच असतात: नंबर चुकीचा, पाटी झाकलेली, पाटीवरच्या वेळेबाहेर गाडी लावलेली, गाडी बंद पडलेली आणि गॅरेजची पावती हाती आहे, किंवा पोलिसानेच तिथे उभी करायला सांगितलं होतं. "इतरही गाड्या होत्या" हे खरं असलं तरी त्याने आपली गाडी नियमात बसत नाही.

या प्रसंगातल्या चालकाकडे यातलं काहीच नव्हतं. पाटी दिसत होती, फोटोत ती आलीही होती आणि गाडी दुसऱ्या रांगेत होती. त्याने ५०० रुपये भरले. दुकानदाराने मात्र पुढच्या गिऱ्हाइकापासून एक बदल केला. तयार गठ्ठा तो आता आत न ठेवता नोकराबरोबर पायरीवर आणून ठेवतो आणि गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो, "मालक, गाडी लांब लावून या, निघाल्यावर मिस कॉल द्या. इथं थांबून राहू नका, पोरगा गठ्ठा डिकीत टाकून देईल." त्यात जास्तीत जास्त एक मिनिट जातं.